शिळी डिस्क

ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत जूनमध्ये सर्व्हर बंद पडला. चार टीबीच्या चार डिस्क, रेड ५ पद्धतीने जोडलेल्या. त्यांना आपण ए, बी, सी, डी म्हणू. डी नुकतीच गेली होती. चौकशी केल्यावर कळलं की बी त्याआधीच, फेब्रुवारीत बाहेर पडली होती. "पिवळा दिवा तेव्हापासूनच लागलेला होता हो, पण काम चालू होतं ना," असं स्टुडिओचे मालक म्हणाले. ते खरंच होतं. रेड ५ एक डिस्क गेली तरी चालत राहतं, आणि म्हणूनच ती गेल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने बी दुसऱ्या मशिनला लावून तपासली. ती ठणठणीत निघाली, बहुधा नुसती केबल सैल झाली असावी. डी मात्र वाचताना जागोजागी अडकत होती. त्यामुळे त्याचा बेत सरळ होता: चांगली बी पुन्हा जोडायची, खराब डी काढून तिथे नवी डिस्क घालायची आणि रिबिल्ड सुरू करायचं. सात-आठ तासांत काम फत्ते. मी त्याला थांबवलं.

का थांबवलं, ते समजायला रिबिल्ड म्हणजे काय ते पाहावं लागेल. रेडमध्ये हरवलेल्या डिस्कची प्रत कुठेही ठेवलेली नसते. फक्त एक हिशेब ठेवलेला असतो. प्रत्येक ओळीत तीन डिस्कवर माहिती असते आणि चौथीवर 'पॅरिटी', म्हणजे चौघांतल्या १ या अंकांची संख्या सम राहील असा अंक. समजा ए, बी, सी वर १, १, ० आहे. आधीच दोन १ आहेत, म्हणून डीवर ० लिहिला जातो. डी गेली तरी उरलेल्या तिघांकडे बघून तो ० परत काढता येतो.

आता बी फेब्रुवारीत थांबली असं धरा. तेव्हा तिच्यावर त्या जागी ० होता. मे महिन्यात तिथे १ यायला हवा होता, पण बी तर बाहेर होती. ए आणि सी वर मेमधले १ आणि ० आहेत, बी वर फेब्रुवारीतला ० आहे. या तिघांवरून डी काढली तर १ येतो. खरं उत्तर ० होतं. यंत्राला यातलं काही कळत नाही. बेरीज बिनचूक असते, पण आकडे वेगवेगळ्या महिन्यांतले असतात. शंभर टक्के पूर्ण झालं असा संदेश येतो, एकही चूक दाखवली जात नाही.

त्यानंतरची फसगत याहून वाईट. फेब्रुवारीनंतर ज्या जागांना हात लागलेला नाही, तिथे बी शिळी नाहीच. म्हणून गेल्या वर्षीची लग्नं उघडून पाहिली तर फोटो स्वच्छ दिसतात आणि सगळे निःश्वास टाकतात. बिघाड असतो तो एप्रिल-मेच्या लग्नसराईत. सहा एमबीचा फोटो ५१२ केबीच्या बारा तुकड्यांत चार डिस्कवर विखुरलेला असतो. वरचा भाग बरोबर येतो, वधूच्या कपाळापर्यंत, आणि तिथून खाली राखाडी किंवा रंगीत पट्टे. अशा वेळी कुणी फाइल सिस्टिम दुरुस्त करायचा प्रोग्राम चालवला, तर फोल्डरच्या नोंदीही त्या चुकीच्या आकड्यांवरून 'सुधारल्या' जातात.

कोणती डिस्क शिळी, हे डिस्कलाच विचारता येतं. लिनक्सच्या रेडमध्ये प्रत्येक डिस्कवर एक घडामोडींचा आकडा असतो. संचाच्या स्थितीत बदल नोंदला गेला की तो वाढतो. बाहेर पडलेल्या डिस्कवर तो गोठतो. ही तपासणी फक्त वाचते, काही लिहीत नाही:

```
mdadm --examine /dev/sd[abcd]1 | grep -E '/dev/|Events'
/dev/sda1:
   Events : 48210
/dev/sdb1:
   Events : 31877
/dev/sdc1:
   Events : 48210
/dev/sdd1:
   Events : 48206
```

पडद्यावर हे आकडे आले आणि तंत्रज्ञ गप्प झाला. धडधाकट बी सोळा हजार पावलं मागे होती. आजारी डी फक्त चार. घ्यायची होती ती डीच.

मग आम्ही मूळ डिस्कना हात न लावता `ddrescue` ने ए, सी आणि डीच्या प्रती नव्या डिस्कवर काढल्या. डीला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतो. बी बाजूला, खोक्यात. नंतर त्या तीन प्रतींवरच संच जुळवला, `--force` देऊन, कारण चार पावलांचा फरकही `mdadm` स्वतःहून मान्य करत नाही. `--readonly` ही दिलं, म्हणजे तपासताना फोटोंवर काही लिहिलं जाऊ नये. रिबिल्ड केलंच नाही. तीन डिस्कवर संच चालतो, तेवढ्यावर सगळं आधी बाहेर काढून घेतलं.

तपासायला मालकांना मुद्दाम मे महिन्यातले मोठे फोटो उघडायला सांगितले, जुने नाहीत. ते शेवटपर्यंत उघडले. डीवरच्या काही जागा अखेरपर्यंत वाचता आल्याच नाहीत. बी शिळी असल्यामुळे त्या भरून काढायला दुसरा आधार नव्हता. एका हळदीच्या व्हिडिओत, दोन बहिणी हसत असताना, चित्र क्षणभर थिजतं आणि पुढे सरकतं.