एका गल्लीचे कूपन-पुस्तक

एका गल्लीतील दुकानांनी मिळून काढलेल्या कूपन-पुस्तकात प्रत्येक दुकानाचे एक पान असते. ग्राहक ते पान फाडून गल्ल्यावर देतो आणि त्यावर लिहिलेली सूट घेतो. पुस्तकाची खरी परीक्षा त्या गल्ल्यावर होते. मालक जेवायला घरी गेलेला असताना नवा नोकर कूपन वाचून कोणालाही न विचारता सूट देऊ शकला, तर कूपन नीट लिहिले आहे असे म्हणता येते.

उदाहरणादाखल पुण्याच्या पेठेतली बारा दुकानांची, दर सोमवारी बंद असणारी एक गल्ली धरू. तिथे 2026च्या दिवाळीसाठी 500 पुस्तके छापायची आहेत. छपाईचा खर्च बारा जणांत वाटला जाईल आणि सूट मात्र ज्याची त्याने सोसायची. हे आधीच ठरवावे, कारण एका दुकानाने दिलेली सूट दुसऱ्याकडून वसूल करण्याचा हिशेब पुढे कोणालाच जमत नाही.

पहिले काम सूट ठरवण्याचे. सगळ्यांनी सरसकट 10 टक्के द्यावेत, ही सूचना पहिल्याच बैठकीत येते आणि तिथेच ती अडते. साडीच्या दुकानात 1,000 रुपयांच्या विक्रीत 300 रुपये सुटत असतील, तर 100 रुपयांची सूट त्याला परवडते. किराणा दुकानात तेवढ्याच विक्रीत 100 रुपयेच सुटत असतील, तर 10 टक्क्यांनी त्याची सगळी कमाई जाते. किराणा दुकानाने म्हणून रकमेची पायरी ठेवावी. नेहमीचे बिल 600 रुपयांचे असेल, तर त्यात 60 रुपये सुटतात. ‘1,000 रुपयांच्या खरेदीवर 40 रुपये सूट’ दिली, तर 100 रुपयांतून 40 वजा जाऊन पुन्हा 60च उरतात. म्हणजे माल जास्त हलला, पण हाती काही आले नाही. सूट 30 रुपये ठेवली, तर 70 उरतात. जो ग्राहक एरवीही हजाराचाच माल भरतो, त्याला दिलेले 30 रुपये मात्र खिशातूनच जातात, हेही हिशेबात धरावे लागते.

दुसरे काम अटींचे. ‘सर्व खरेदीवर 20% पर्यंत सूट, अटी लागू’ असे कूपन भांडणाला आमंत्रण देते. ‘पर्यंत’ या शब्दाने दुकानदार मोकळा राहतो आणि ग्राहकाच्या डोळ्यात फक्त 20 भरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतला खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरवळणात असावा लागतो. मराठी कूपनाखाली बारीक इंग्रजी अटी टाकणे त्यामुळे अयोग्य ठरते. अटी पानामागेही ढकलू नयेत. साडीच्या दुकानाचे कूपन असे लिहिता येईल:

‘1,500 रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या एका बिलावर 150 रुपये सूट. एका बिलावर एकच कूपन. आधीच सूट असलेल्या मालावर चालणार नाही. बिल करण्यापूर्वी कूपन द्यावे. उरलेली रक्कम रोख मिळणार नाही.’

प्रत्येक वाक्यात एकच अट आहे आणि प्रत्येक अट गल्ल्यावर हमखास येणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर देते. ‘बिल करण्यापूर्वी’ या अटीला आणखी एक कारण आहे. विक्रीच्या वेळी बिलातच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर जीएसटी लागतो. बिल झाल्यावर कूपन पुढे आले, तर ते बिल रद्द करून नवे करावे लागते. ‘पहिल्या 100 ग्राहकांना’ ही अट मात्र टाळावी. आपला क्रमांक कितवा हे ग्राहकाला दारात येईपर्यंत कळत नाही. मर्यादा घालायची तर पुस्तकांच्या संख्येवर घालावी: 500 कूपने गुणिले 150 रुपये म्हणजे जास्तीत जास्त 75,000 रुपये, हा आकडा मालकाने छपाईपूर्वीच पाहून घ्यावा.

तिसरे काम मुदतीचे, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘दिवाळीपर्यंत’ म्हणजे कोणी लक्ष्मीपूजन समजतो, कोणी भाऊबीज. ‘एक महिना वैध’ म्हटले, तर महिना कधीपासून मोजायचा हे कळत नाही. ‘5/11’ असे न लिहिता महिना अक्षरात लिहावा आणि सोबत वारही द्यावा. वार लिहिताना एक चूक आपोआप सापडते. 30 नोव्हेंबर 2026 ही सोयीची वाटणारी तारीख सोमवारी येते, आणि त्या दिवशी गल्ली बंद असते. मुदत म्हणून अशी द्यावी: ‘शनिवार, 10 ऑक्टोबर ते रविवार, 29 नोव्हेंबर 2026, दोन्ही दिवस धरून, दुकान बंद होईपर्यंत.’

बहुतेक कूपनांना हीच मुदत चालते. मिठाईवाल्याला दिवाळीच्या गर्दीत सूट देण्याची गरज नसते. त्याचे कूपन 12 नोव्हेंबरला सुरू केले, तर सणानंतरच्या मंदीत त्याच्याकडे गिऱ्हाईक येते. शिंप्याचे उलट असते. दिवाळीआधी तो नवे कपडे घेणे थांबवतो, त्यामुळे त्याची मुदत आधी संपते आणि ती कपडे शिवायला टाकण्याच्या तारखेची आहे, तयार कपडे नेण्याच्या नव्हे, हे स्पष्ट लिहावे लागते. वेगळी मुदत असलेली अशी पाने रंगीत पट्टीने वेगळी दाखवावीत आणि मुखपृष्ठावर एकच तारीख ठळक छापू नये.

आता पुस्तकाची बांधणी. ए-फोर कागद उभ्या मापात तीन समान आडव्या पट्ट्यांत कापला, की साधारण 99 बाय 210 मिलिमीटरचे पान मिळते. पावतीपुस्तकासारखी बाजूने पिन मारावी. मधोमध दुमडून पिन मारलेल्या वहीत एक पान मुळापासून ओढले, की त्याच्या जोडीचे पानही सुटते. पिनेजवळ स्थळप्रत आणि तिच्यापुढे छिद्रांची रेघ ठेवावी. दोन दुकानांची कूपने एकाच पानाच्या दोन बाजूंना कधीही छापू नयेत. एक वापरले की दुसरे आपोआप हातचे जाते. चकचकीत कागदावर शिक्क्याची शाई पसरते, म्हणून साधा मॅपलिथो कागद बरा. पुस्तकाचा क्रमांक प्रत्येक कूपनावर आणि स्थळप्रतीवर छापावा. शाई काळ्याऐवजी लाल असेल, तर काळी-पांढरी झेरॉक्स चटकन ओळखू येते. मोबाइलमधला फोटो चालेल की नाही, हेही बारा जणांनी मिळून एकदाच ठरवून छापावे.

पानांचा क्रम गल्लीच्या तोंडापासून आत जाणारा ठेवावा आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला साधा नकाशा द्यावा. छपाईला जाण्यापूर्वी प्रत्येक मालकाने आपल्याच पानाच्या कच्च्या प्रतीवर सही करावी. नंतर ती प्रत गल्लीबाहेरच्या एखाद्याला वाचायला देऊन तीनच प्रश्न विचारावेत: किती रुपयांची खरेदी केली की किती सूट, कोणत्या मालावर नाही, आणि शेवटचा दिवस कोणता. उत्तर देताना तो अडखळला, तर ते वाक्य पुन्हा लिहावे. वापरलेल्या कूपनावर लगेच शिक्का मारून ते बिलाच्या प्रतीला जोडावे. मुदत संपल्यावर प्रत्येक दुकानाने जमा कूपने मोजली, की कोणते कूपन चालले आणि कोणते पडून राहिले हे बारा जणांना एकाच बैठकीत कळते.