पगार वाढतो, हप्ता का थांबतो?

समजा, पुण्यातल्या एका अभियंत्याचा पगार पन्नास हजार आहे आणि तो म्युच्युअल फंडात दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी सुरू करतो. वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का परतावा धरला (ही हमी नव्हे, फक्त गृहीत), तर २० वर्षांनी जवळपास एक कोटी जमतात. हाच हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवला, तर ती रक्कम सुमारे १ कोटी ९९ लाखांवर जाते.

जाहिरातीत हे ऐकून डोळे दिपतात. पण पहिल्या हिशेबात खिशातून गेले २४ लाख, दुसऱ्यात जवळजवळ ६९ लाख. म्हणजे दुप्पट रकमेमागे मोठा वाटा जास्तीच्या भरण्याचाच आहे. उशिरा भरलेल्या पैशाला वाढायला वेळही मिळत नाही: पहिल्या वर्षाचे १.२० लाख शेवटी १२ लाखांवर जातात, विसाव्या वर्षाचे ७.३४ लाख जेमतेम ७.८३ लाख होतात. म्हणून सुरुवातीच्या वाढी चुकवू नयेत.

खरी अडचण पुढे येते. विसाव्या वर्षी हप्ता ६१,००० रुपयांवर गेलेला असतो. पगार वर्षाला ७ टक्क्यांनीच वाढला, तर हप्त्याचा वाटा २० टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर जातो. अशा वेळी वाढ पगारवाढीइतकीच ठेवावी किंवा हप्त्याला कमाल मर्यादा घालावी.

आणखी एक बारीक गोष्ट. बँकेला दिलेल्या मँडेटची मर्यादा १५,००० असेल, तर सहाव्या वर्षी १६,१०५ रुपयांचा हप्ता कापलाच जाणार नाही. मर्यादा आधीच मोठी ठेवलेली बरी.