एलईडी लुकलुकतोय, पण चिप सापडत नाही

बोटभर लांबीचा निळा बोर्ड, त्यावर STM32F103C8T6 ही चिप. हौशी मंडळी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी याला ‘ब्ल्यू पिल’ म्हणतात. पहिला प्रोग्रॅम अगदी सुरळीत चढतो आणि एलईडी लुकलुकायला लागतो. मग लुकलुकण्याचा वेग बदलावा म्हणून दुसऱ्यांदा प्रोग्रॅम चढवायला घेतला, की पडद्यावर येतं: `No STM32 target found`. वायरी काढून परत लावल्या जातात, केबल बदलली जाते, शेवटी चिप जळाली असं समजून बोर्ड बाजूला पडतो. अशी बाजूला पडलेली बरीच चिप धडधाकट असते.

तो लुकलुकणारा एलईडीच खरा पुरावा आहे. चिपला वीज मिळतेय, प्रोग्रॅम चालतोय, फक्त बाहेरून तिच्याशी बोलता येत नाही. पहिल्या खेपेला हेच बोलणं झालं होतं, म्हणजे जोडणीही बरोबर होती. त्यामुळे संशय आपण चढवलेल्या प्रोग्रॅमवर घ्यायला हवा.

एसटी-लिंकसारखा डीबग प्रोब चिपशी दोन तारांवरून बोलतो. एका तारेवर घड्याळाचे ठोके, दुसरीवर माहिती. शिवाय ग्राउंड दोघांचं एकच असावं लागतं. या चिपवर माहितीची तार PA13 या पिनवर आणि घड्याळाची PA14 वर येते. रीसेट झाल्यावर या दोन्ही पिना आपोआप डीबगच्या कामाला लागलेल्या असतात. पण प्रोग्रॅमला वाटलं तर तो त्या काढून घेऊन साध्या पिनांसारख्या वापरू शकतो, आणि घोळ नेमका इथेच होतो. STM32CubeMX मध्ये नवा प्रकल्प सुरू करताना SYS या भागातला Debug हा पर्याय बंदच असतो. तो तसाच राहिला, तर तयार होणाऱ्या कोडमध्ये ही ओळ येते:

```c
__HAL_AFIO_REMAP_SWJ_DISABLE();
```

ही ओळ `HAL_Init()` च्या पोटात, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताहोताच चालते. त्यानंतर प्रोब कितीही हाका मारो, त्या दोन पिनांवर ऐकणारं कुणी उरत नाही. प्रोबने ‘रीसेट हो’ असा आदेश पाठवला तरी तो याच तारांवरून जाणार, म्हणजे तोही पोचत नाही.

सुटकेचा मार्गही याच माहितीत आहे. रीसेट होताच पिना परत डीबगकडे येतात आणि ती घातक ओळ चालेपर्यंत तशाच राहतात. तेवढ्यात प्रोबने चिपला थांबवलं की झालं. त्यासाठी प्रोबची रीसेटची तार बोर्डावरच्या R या पिनला जोडावी लागते. बोर्डाच्या टोकाच्या चार पिनांमध्ये ती नसते, म्हणून बहुतेकांनी ती जोडलेलीच नसते. मग हा आदेश द्यायचा:

```
STM32_Programmer_CLI -c port=SWD mode=UR reset=HWrst -e all
```

`mode=UR` म्हणजे रीसेट दाबून धरलेला असतानाच जोडणी करणं. चिप रीसेटमध्ये अडकलेली असताना प्रोब आतल्या डीबग भागाला सांगून ठेवतो, की रीसेट सुटल्यावर पहिली सूचना चालवण्याआधीच थांब. मग तो तार सोडतो, चिप थांबलेली सापडते आणि `-e all` ने सगळी फ्लॅश मेमरी पुसली जाते. घातक ओळही त्याबरोबर जाते.

स्वस्तातल्या नकली एसटी-लिंकमध्ये मात्र RST लिहिलेली पिन पुष्कळदा या चिपच्या रीसेटसाठी कामाचीच नसते. तेव्हा बोर्डावरचं रीसेटचं बटण हाताने दाबून धरायचं, संगणकावर जोडणीचा आदेश द्यायचा आणि लगेच बटण सोडायचं. वेळ साधणं अवघड असतं. एकदोनदा हुकलं तरी नवल नाही.

त्यापेक्षा जंपरचा उपाय भरवशाचा. BOOT0 चा जंपर 1 कडे सरकवायचा, BOOT1 चा 0 वरच ठेवायचा आणि एकदा रीसेट दाबायचं. आता चिप आपला प्रोग्रॅम सोडून कारखान्यातच भरलेला बूटलोडर चालवते. तो PA13 आणि PA14 ला हात लावत नाही, त्यामुळे प्रोब नेहमीसारखा जोडला जातो. मेमरी पुसायची, जंपर परत 0 वर आणायचा आणि प्रकल्पात Debug समोर Serial Wire निवडून कोड नव्याने तयार करायचा. ही पायरी गाळली, तर पुढच्याच प्रोग्रॅमबरोबर चिप पुन्हा गप्प होते.

प्रोग्रॅम चिपला गाढ झोपेत ढकलत असेल, तरी लक्षणं अशीच दिसतात आणि हेच उपाय लागू पडतात. पण कधी बूटलोडर चालू करूनही प्रोब जोडला जात नाही. तेव्हा प्रोग्रॅमवरचा संशय सोडून मल्टिमीटर घ्यायचा: चिपला 3.3 व्होल्ट मिळतात का, ग्राउंड जोडलंय का, दोन तारांची अदलाबदल झालीय का, हे पाहायचं.

STM32F4 मालिकेत मात्र एक कुलूप खरोखर कायमचं आहे. तिथे वाचन-संरक्षणाची दुसरी पातळी चालू केली, की डीबगची वाट त्या चिपपुरती कायमची बंद होते. मग रीसेटची तार, जंपर, मेमरी पुसणं यांपैकी काहीच चालत नाही. चिप उतरवून नवी बसवावी लागते.