भिंत नसलेली फुलदाणी

थ्रीडी प्रिंटरवर पहिल्यांदा फुलदाणी करायला बसलेला माणूस बहुधा एकच चूक करतो. तो संगणकावर आतून पोकळ आणि दोन मिलिमीटर जाड भिंतीची फुलदाणी काढतो. 'स्पायरल व्हेज' पद्धतीला तशी आकृती चालत नाही. तिला ठोकळा लागतो, अगदी भरीव, तळापासून काठापर्यंत. पोकळी आणि भिंत दोन्ही नंतर छापताना तयार होतात.

आकृतीचे थर पाडून प्रिंटरला हुकूम देणाऱ्या सॉफ्टवेअरला स्लायसर म्हणतात. नेहमीच्या छपाईत एक थर संपला की नोझल किंचित वर जाते आणि पुढचा थर सुरू करते. दरवेळी जिथे ही उडी पडते, तिथे वस्तूवर एक उभी शिवण उमटते. स्पायरल पद्धतीत तळाचे दोन-चार थर नेहमीसारखे भरून झाले की स्लायसर फक्त बाहेरची कड धरतो. मग नोझल गोल फिरता फिरताच सावकाश वर चढत राहते, ती थेट काठापर्यंत. शिवण पडायला जागाच उरत नाही. प्रुसास्लायसरमध्ये ही सोय `Spiral vase` या नावाने आहे, तर क्युरामध्ये `Spiralize Outer Contour` या नावाने. क्युराच्या जुन्या आवृत्त्यांत तिलाच 'जोरिस' म्हणत.

म्हणजे भिंत एका धाग्याइतकीच जाड. चकली किती जाड पडणार हे सोऱ्यातली चकती ठरवते, तसाच इथला हिशोब नोझलच्या छिद्रावर चालतो. फरक एवढाच, की इथे थोडी सूट मिळते. ०.४ मिमी छिद्राच्या नोझलमधून जास्त प्लास्टिक सोडले, तर नोझलचे सपाट टोक ते दाबून पसरवते आणि ०.६ मिमी रुंद रेघ सहज पडते. त्यापुढे ताणत गेले की कडा ओबडधोबड होऊ लागतात. एक मिमीची भिंत हवीच असेल, तर मोठ्या छिद्राचे नोझल बसवणे शहाणपणाचे.

आता पीळ. नुसते वर्तुळ कितीही पिळले तरी काहीच दिसत नाही. पीळ दिसायला पाकळ्या हव्यात. ओपनएससीएडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आठ पाकळ्यांची, १६० मिमी उंच फुलदाणी एवढ्यात होते:

```
linear_extrude(height=160, twist=90, slices=320)
  polygon([for (a=[0:2:358])
    (40 + 4*cos(8*a)) * [cos(a), sin(a)]]);
```

यातला ४० हा मिलिमीटरमधला सरासरी त्रिज्येचा आकडा आणि ४ ही पाकळीची खोली. `twist` म्हणजे तळापासून काठापर्यंतचा पीळ, अंशांमध्ये. `slices` फार कमी ठेवले तर वळण गुळगुळीत न येता पैलू पडतात.

पीळ किती द्यायचा, हे डोळ्यांना काय आवडते यापेक्षा धाग्याच्या रुंदीवर ठरते. थर ०.२ मिमी उंच धरू. ९० अंशांच्या पिळात पाकळीच्या सर्वांत तिरक्या जागी प्रत्येक फेरा खालच्या फेऱ्यावरून जेमतेम ०.०५ मिमी सरकतो. ०.६ मिमी रुंद धाग्याला ते जाणवतही नाही. पूर्ण ३६० अंश दिले तर सरकणे ०.२ मिमीच्या आसपास जाते, म्हणजे भिंत तिथे जवळपास ४५ अंशांनी कलते. ०.४ मिमीच्या धाग्याखालचा निम्मा आधार तेव्हा गेलेला असतो, ०.६ मिमीच्या धाग्याचा मात्र एक तृतीयांशच. दोन पूर्ण वेढे दिले, तर अरुंद धागा त्या जागी चक्क हवेत पडतो. रुंद धाग्याला तरी थोडा टेकू उरतो, पण देखण्या भिंतीची आशा त्यानेही धरू नये.

बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. पिळलेल्या पाकळीची एक बाजू खाली झुकते आणि दुसरी मागे रेलते. झुकणारी बाजू खरबरीत होऊन तिथे धाग्याचे लोंबते वेढे दिसत असतील आणि रेललेली बाजू स्वच्छ असेल, तर तापमानाशी झगडण्यात अर्थ नाही. पीळ कमी करावा, पाकळी उथळ करावी किंवा थर आणखी पातळ घ्यावेत. दोन्ही बाजू सारख्याच खराब असतील, तेव्हा दोष दुसरीकडे शोधावा.

०.६ मिमीच्या भिंतीची ही फुलदाणी पीएलए प्लास्टिकमध्ये सुमारे ४० ग्रॅम भरते आणि सेकंदाला ४० मिमी वेगाने दीड तासाहून थोड्या जास्त वेळात उतरते. छापून झाल्यावर काठ कॅलिपरमध्ये धरून पाहावा. आकडा ०.५ आला, तर प्लास्टिक कमी पडते आहे आणि फेरे एकमेकांना नीट चिकटलेले नसण्याचीही शक्यता आहे. मोजमाप पाकळीच्या सपाट भागावर घ्यावे, वळणावर कॅलिपर फसवतो.

या पद्धतीत कान किंवा मूठ जमत नाही. प्रत्येक उंचीवर एकच अखंड कड लागते. दोन वेगळे तुकडे आले की नोझलला मधे उडी मारावी लागते आणि सारा डौल जातो.

राहिला पाण्याचा प्रश्न. एकेरी भिंत पाणी धरेलच असे नाही, आणि बहुतेकदा ती तळ आणि भिंत जुळतात तिथेच झिरपते. वर्तमानपत्रावर रात्रभर भरून ठेवली की डागावरून कळते. तळाचे थर वाढवून कधी भागते, नाहीतर आतून इपॉक्सीचा हात द्यावा लागतो. ताज्या फुलांसाठी बरेच जण आत सरळ काचेची नळीच ठेवतात. मात्र पाकळ्यांमधल्या खाचा आत आलेल्या असतात. वरच्या आकृतीत मध्यापासून खाचेपर्यंत ३६ मिमी मिळतात, त्यातून भिंतीची जाडी वजा जाते. तेव्हा नळीचा व्यास ७० मिमीच्या आतच हवा.