तूप की रिफाइंड तेल? कढईतला हिशेब

तुपाची बाजू घेणारे एक मुद्दा हमखास मांडतात: तूप तापवले तरी लवकर जळत नाही, म्हणून ते रिफाइंड तेलापेक्षा सुरक्षित. मुद्द्याचा पहिला भाग खरा आहे. चांगले कढवलेले, नीट गाळलेले तूप साधारण 230 ते 250 अंश सेल्सिअसला धूर सोडते. पण रिफाइंड सूर्यफूल, सोयाबीन आणि शेंगदाणा तेलही 230 अंशांच्या आसपासच धूर सोडते. पुऱ्या तळताना कढईतले तेल 180 अंशांच्या जवळपास असते, म्हणजे दोघांच्याही मर्यादेच्या बरेच खाली. धुराच्या शर्यतीत तूप आणि रिफाइंड तेल जवळजवळ बरोबरीतच सुटतात.

धूर कधी सुटेल, हे मुख्यतः त्या पदार्थात सुटी मेदाम्ले आणि इतर अंश किती आहेत, यावर ठरते. लोण्यात पाणी आणि दुधातले घन पदार्थ असतात, म्हणून ते 150 ते 175 अंशांच्या दरम्यानच करपू लागते. कढवल्यावर पाणी उडते, बेरी खाली बसते आणि गाळलेले तूप जास्त उष्णता सोसते. गाळताना बेरीचे कण राहिले, तर तेच तूप तव्यावर लवकर काळे पडते. तेल रिफाइन करतानाही सुटी मेदाम्ले, रंग आणि वास काढून टाकतात. म्हणूनच घाण्याचे शेंगदाणा तेल 160 अंशांच्या आसपास धुरावते, तर त्याचाच रिफाइंड प्रकार बराच वेळ तग धरतो.

तेल बिघडायला मात्र धूर सुटण्याची गरज नसते. मेदाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध जितके जास्त, तितका हवेतला ऑक्सिजन त्यावर सहज हल्ला करतो. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात साठ टक्क्यांच्या आसपास बहुअसंपृक्त मेदाम्ले असतात, तुपात ती जेमतेम तीन-चार टक्के. त्यामुळे एकाच कढईत तासभर तळण केले, तर तूप कमी बिघडते. इथे तुपाची बाजू खरोखर वरचढ आहे.

तीच रचना शरीरात गेल्यावर पारडे उलटते. तुपातील सुमारे साठ ते पासष्ट टक्के मेद संपृक्त असतो, शेंगदाणा तेलात तो अठरा टक्क्यांच्या आसपास आणि सूर्यफुलाच्या तेलात अकरा. संपृक्त मेद रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतो, आणि त्याच्या जागी बहुअसंपृक्त मेद घेतला तर ते घटते.

दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संपृक्त मेदातून मिळणारी ऊर्जा दहा टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे जास्तीत जास्त 22 ग्रॅम. हा माणूस चहा आणि दह्यातून पाव लिटर म्हशीचे सायीचे दूध घेतो. त्यातून नऊ ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद येतो. भाजी, आमटी आणि पोळी मिळून वीस ग्रॅम तूप गेले, तर आणखी बारा ग्रॅम. मर्यादा जवळजवळ तिथेच संपली. शेंगदाणे, खोबरे, बिस्किटे, मटण अजून मोजलेच नाही. त्या वीस ग्रॅमच्या जागी शेंगदाणा तेल वापरले, तर साडेतीन-चार ग्रॅमच जमा होतात आणि एकूण तेराच्या आत राहते. कॅलरी मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच.

‘रिफाइंड’ हा शब्द मात्र फसवा आहे. पाम तेलही रिफाइंडच असते, पण त्यात संपृक्त मेद चाळीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणून पुडा घेताना मागचा पोषणतक्ता वाचावा, त्यातला संपृक्त मेदाचा आकडा पाहावा आणि तेल कशाचे आहे तेही पाहावे.

घरात खरा धोका असतो तळणाच्या उरलेल्या तेलाचा. प्रत्येक तापवण्यात ते तुटत जाते आणि त्याचे धूर सोडण्याचे तापमान खाली येते. रंग गडद झाला, तेल चिकट झाले, पदार्थ सोडताच न विरणारा फेस आला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर दिसला, तर ते तेल संपले समजावे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा 25 टक्के ठेवली आहे. घरी ती मोजता येत नाही, म्हणून वरच्या खुणा पाहाव्यात. तळणाचे तेल गाळून एखाद्या दिवसात भाजी-फोडणीत संपवावे, नव्या तेलात मिसळून पुन्हा तळू नये.

म्हणून रोजच्या फोडणीला आणि भाजीला शेंगदाणा, सोयाबीन किंवा मोहरीचे तेल आलटून पालटून वापरावे, आणि तूप वरणभातावर किंवा पोळीवर चमचाभरच घ्यावे. ज्यांचे एलडीएल आधीच वाढलेले आहे, त्यांनी तो चमचाही डॉक्टरांना विचारून ठरवावा.