शुक्रवारी बिघडलं, शनिवारी कळलं

पुण्यातलं एक छोटं स्टार्टअप डोळ्यासमोर आणा. शनिवारी रात्री सोसायट्यांकडून भाजीच्या ऑर्डर घ्यायच्या आणि रविवारी सकाळी माल पोचवायचा, हा त्यांचा धंदा. सगळा कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवर. तिथे प्रत्येक सर्व्हरला ‘सिक्युरिटी ग्रुप’ लावलेला असतो. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पोर्टवर आत यायची मुभा आहे, एवढंच त्यात लिहायचं. जे लिहिलेलं नाही, ते बंद.

शुक्रवारी संध्याकाळी एका इंजिनिअरला दिसलं, की डेटाबेसचं 5432 पोर्ट अख्ख्या अंतर्गत नेटवर्कला उघडं आहे. ते आवळायला हवंच होतं. त्याने जुना नियम काढला आणि फक्त `10.0.1.0/24` या पट्ट्याला परवानगी दिली. ॲपचे सर्व्हर मात्र काही महिन्यांपूर्वीच `10.0.2.0/24` मध्ये हलवले होते. त्याने ॲप उघडून पाहिलं, ते व्यवस्थित चालत होतं. तो घरी गेला.

ते चाललं कसं, हीच खरी मेख. सिक्युरिटी ग्रुप जोडलेल्या कनेक्शनची नोंद ठेवतो. नियम काढला तरी आधीच चालू असलेलं कनेक्शन लगेच तुटत नाही, अडतं ते फक्त नवं. ॲपचे सर्व्हर डेटाबेसशी उघडलेली कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरत होते, म्हणून रात्रभर कुणाला काही जाणवलं नाही.

शनिवारी रात्री गर्दी वाढली आणि दोन नवे सर्व्हर आपोआप सुरू झाले. त्यांना डेटाबेस सापडेना. काहींच्या ऑर्डर जात होत्या, काहींच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. “सगळं रिस्टार्ट करून बघू,” असं ठरलं, आणि त्याबरोबर तग धरून असलेली जुनी कनेक्शनंही गेली. आता ॲप पूर्ण बंद.

तासभर सगळे डेटाबेसच तपासत बसले. मग एकीने सर्व्हरवरून थेट पोर्ट तपासलं:

```
nc -vz -w 5 db.internal 5432
```

उत्तर `timed out` आलं, `refused` नाही. हा फरक मोलाचा आहे. डेटाबेस बंद पडला असता, तर मशीनने सहसा तत्काळ नकार दिला असता. सिक्युरिटी ग्रुप मात्र पॅकेट गुपचूप टाकून देतो. क्लाउडट्रेलच्या नोंदीत शुक्रवारचं `RevokeSecurityGroupIngress` सापडलं.

परवानगी आता आकड्यांच्या पट्ट्याला न देता थेट ॲप सर्व्हरच्या सिक्युरिटी ग्रुपला दिली. सर्व्हर दुसऱ्या पट्ट्यात हलले, तरी ती लागू राहते, फक्त त्यांनी आपसात अंतर्गत पत्त्यांवरून बोलायला हवं. नियम बदलला की नवं कनेक्शन जोडून बघायचं, असंही ठरलं. शिवाय प्रत्येक कनेक्शनचं आयुष्य अर्ध्या तासावर आणलं, म्हणजे अशी चूक पुन्हा झालीच, तर बदल करणारा माणूस जागेवर असतानाच ती उघडी पडेल.