आधी कागद दाखवा, मग उत्तर घ्या

नाशिकच्या एका नोकरदार गृहस्थांचं प्रकरण समोर ठेवू. प्रकरण कल्पित आहे, पण बिल्डरच्या हिशेबातून उगवणाऱ्या नोटिसा साधारण अशाच असतात. जून २०२१ मध्ये त्यांनी ६८ लाखांचा फ्लॅट घेतला. सगळे पैसे गृहकर्जातून आणि स्वतःच्या खात्यातून, चेकनं दिले. पुढे आयकर विभागानं त्या बिल्डरच्या कार्यालयात सर्व्हे केला, काही कागद ताब्यात घेतले आणि मग या गृहस्थांचं २०२१-२२ या आर्थिक वर्षाचं प्रकरण पुन्हा उघडलं गेलं. नोटिशी आल्या, उत्तरं गेली आणि शेवटी पोर्टलवर ‘शो कॉज’ येऊन पडली. तिच्यात लिहिलं होतं की, बिल्डरकडे मिळालेल्या नोंदींनुसार तुम्ही फ्लॅटच्या किमतीपोटी १२ लाख रुपये रोख दिले आहेत, म्हणून ही रक्कम बेहिशेबी गुंतवणूक धरून तुमच्या उत्पन्नात का मिळवू नये, याचं कारण सात दिवसांत सांगा.

१२ लाख उत्पन्नात मिळवणं म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. त्या वर्षाच्या नियमानुसार अशा रकमेवर सरसकट ६० टक्के कर लागतो, म्हणजे ७ लाख २० हजार. त्यावर २५ टक्के अधिभार, १ लाख ८० हजार. त्या बेरजेवर ४ टक्के उपकर, ३६ हजार. एकूण ९ लाख ३६ हजार रुपये. व्याज वेगळं, दंड वेगळा. न दिलेल्या पैशांवर पगारदार माणसाला एवढी रक्कम भरावी लागणार असते.

अशा वेळी घरातला प्रत्येक जण एकच सांगतो: लिहून टाका की रोख दिलेलीच नाही. बहुतेक लोक तेच लिहितात आणि अडकतात. कारण अधिकाऱ्यासमोर एक नोंद आहे आणि तुमच्याकडे फक्त नकार. ती नोंद कोणत्या कागदावर आहे, कोणी लिहिली, तिच्यातल्या आकड्याचा अर्थ काय, हे तुम्हाला ठाऊक नाही. न पाहिलेल्या कागदाचं खंडन करायचं तरी कसं? म्हणून गुणदोषांवर उत्तर देण्याआधी एक पत्र जायला हवं, ज्या कागदांच्या आणि कारणांच्या आधारे ही वाढ सुचवली आहे त्यांच्या प्रती मागणारं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात करदात्याच्या हातून जाणारा हा सर्वांत मोलाचा कागद असतो, आणि तोच बहुतेक वेळा जात नाही.

ही मागणी म्हणजे अधिकाऱ्याकडे केलेली विनवणी नव्हे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४२(३) मध्ये ती थेट बसते. अधिकाऱ्यानं चौकशीतून जी माहिती गोळा केली आणि जी करनिर्धारणासाठी वापरायची ठरवली, तिच्याबद्दल करदात्याला आपलं म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्या कायद्यानुसारच चालतात.)

यामागचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुंबईशी जोडलेला आहे. १९४६ साली मद्रासहून मुंबईला बँकेच्या तारेनं १ लाख ७ हजार ३५० रुपये आले. हे पैसे किशिनचंद चेलाराम या पेढीचेच, असं विभागानं ठरवलं. आधार होता बँकेच्या मॅनेजरनं विभागाला लिहिलेल्या पत्राचा. ते पत्र पेढीला वेळेवर दाखवलंच गेलं नाही, मॅनेजरला उलट प्रश्न विचारण्याची संधीही मिळाली नाही. वाद चालत राहिला आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. आयकराच्या कामात पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत, हे न्यायालयानं मान्य केलं. पण जो कागद एखाद्याविरुद्ध वापरायचा तो आधी त्याच्यासमोर ठेवला पाहिजे आणि तो खोडून काढण्याची संधी दिली पाहिजे. त्याशिवाय तो पुरावा म्हणून चालणार नाही, असंही बजावलं. मॅनेजरची पत्रं बाजूला पडली आणि विभागाच्या हाती काही उरलं नाही.

आता नाशिकच्या पत्राकडे येऊ. ‘माझ्या प्रकरणातली सर्व कागदपत्रं द्यावीत’ अशी मोघम मागणी करू नये. फाइलमध्ये अंतर्गत टिपणं असतात, इतर पन्नास ग्राहकांची माहिती असते. ती नाकारायला अधिकाऱ्याला कारण मिळतं आणि तिच्यासोबत तुमची खरी मागणीही नाकारली जाते. मागायचं ते शो कॉजमधल्या वाक्यांना धरून. नोटिशीच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘ताब्यात घेतलेल्या नोंदी’ असं म्हटलं असेल, तर त्या नोंदीच्या पानाची प्रत मागायची, आणि शीर्षक दिसेल असं पूर्ण पान मागायचं, कापलेली ओळ नको. त्या पानाच्या मागच्यापुढच्या संबंधित पानांचीही मागणी करायची, इतर ग्राहकांची नावं झाकून दिली तरी हरकत नाही, असं स्वतःहून लिहून. ‘बिल्डरनं कबूल केलं’ असं म्हटलं असेल, तर त्याच्या जबाबाची प्रश्नोत्तरांसह प्रत मागायची, तारखेसह. आणि नंतर त्यानं तो जबाब मागे घेतला किंवा बदलला असेल तर तेही पत्र मागायचं. आकड्याला ‘रोख’ कशावरून म्हटलं, आणि १२ म्हणजे १२ लाख हे कोणत्या आधारावर ठरवलं, याची कारणं लेखी मागायची. अहवालाचा हवाला दिला असेल, तर आपल्याशी संबंधित भागाची प्रत मागायची.

पत्राच्या सुरुवातीला नोटिशीची तारीख आणि तिच्यावरचा डीआयएन हा ओळख क्रमांक टाकावा. पुढे एक स्वच्छ वाक्य हवं: मी रोख रक्कम दिल्याचं नाकारतो; तपशीलवार उत्तर मला प्रती मिळाल्यावर देता येईल; त्यासाठी प्रती मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. आणि बिल्डरचा जबाब माझ्याविरुद्ध वापरणार असाल, तर त्याची उलटतपासणी घेण्याची संधी द्यावी. ही शेवटची मागणी आताच करायची. अंदमान टिंबर इंडस्ट्रीजच्या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, ज्यांच्या जबाबावर आदेश उभा आहे त्या साक्षीदारांची उलटतपासणी नाकारणं ही आदेशाला मुळापासून पोखरणारी चूक आहे. ते प्रकरण अबकारी कराचं होतं, पण आयकराच्या वादांतही त्याचा आधार सतत घेतला जातो. ज्यानं उलटतपासणी मागितलीच नाही, त्याच्यासाठी मात्र हा आधार लंगडा पडतो.

पत्र स्थानिक आयकर कार्यालयात नेऊन देण्यात अर्थ नसतो. चेहराविरहित पद्धतीत करनिर्धारण करणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असतो, त्याचं नावही कळत नाही. आयकराच्या पोर्टलवर e-Proceedings मध्ये त्याच नोटिशीखाली पत्र चढवायचं. तिथे उत्तराचा प्रकार विचारला जातो, तेव्हा Partial Response निवडावं. Full Response निवडलं की आपलं म्हणणं पूर्ण झालं असा अर्थ होतो. मुदतवाढीची विनंतीही त्याच ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदवायची आणि दोन्हींची पोच उतरवून ठेवायची.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. पत्र पाठवल्यानं घड्याळ थांबत नाही. पुन्हा उघडलेल्या प्रकरणात नोटीस ज्या आर्थिक वर्षात बजावली ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत अधिकाऱ्याला आदेश काढावाच लागतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या शो कॉजला अधिकाऱ्याच्याही हाती फारसे दिवस नसतात. ‘कागद मिळाल्याशिवाय उत्तर देणार नाही’ असं म्हणून गप्प बसणारा माणूस एके दिवशी पोर्टल उघडतो तेव्हा आदेश निघालेला असतो, आणि त्यात करदात्यानं काही स्पष्टीकरण दिलं नाही असं वाक्य असतं. म्हणून प्रती आल्या नाहीत तरी मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत हाती असेल तेवढं दाखल करायचं: करारनामा, बँकेचे उतारे, कर्जाच्या हप्त्यांचा तपशील, बिल्डरच्या पावत्या. सोबत लिहायचं की मागितलेल्या प्रती अजून मिळालेल्या नाहीत, म्हणून हे उत्तर अंतरिम आहे आणि मागणीचा हक्क राखून दिलं आहे.

नाशिकच्या गृहस्थांनी पत्र वेळेत पाठवलं आणि त्यांना पान मिळालं, असं धरू. शो कॉजमध्ये ‘४०२ – ६८ – १२’ एवढीच ओळ होती. पूर्ण पानावर तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर ‘इतर आकार’ असं लिहिलेलं निघालं. गृहस्थांनी पावत्यांचा गठ्ठा काढला. जीएसटी ३ लाख ४० हजार, मुद्रांक शुल्क ४ लाख ८ हजार, नोंदणी ३० हजार. पार्किंग, वीजजोडणी, सोसायटीची आगाऊ वर्गणी आणि वकिलाची फी मिळून ४ लाख २२ हजार. बेरीज बरोबर १२ लाख, आणि प्रत्येक रकमेसमोर चेकचा क्रमांक. बिल्डरचा जबाबही आला. त्यात ‘काही ग्राहकांकडून’ रोख घेतल्याचं त्यानं म्हटलं होतं, पण ४०२ चा उल्लेखच नव्हता. नुसता नकार तिथवर पोचला नसता. अर्थात उलटही घडू शकतं. पानावर ‘रोख’ हा शब्द आणि स्वतःची सही दिसली, तर पुढचं उत्तर काय द्यायचं हे सीएसोबत बसून, डोळे उघडे ठेवून ठरवता येतं. आंधळा नकार लेखी देऊन खोटं बोलल्याचा ठपका ओढवून घेण्यापेक्षा ते बरं.

आणि प्रती दिल्याच नाहीत तर? मग अपील. पण अपिलात नुसतं ‘कागद दिले नाहीत’ म्हणून भागत नाही. तो कागद आदेशाचा आधार होता का आणि तो न मिळाल्यानं करदात्याचं नेमकं काय नुकसान झालं, हे न्यायालयं विचारतात. नोटिशीत ज्याचा उल्लेखच नाही किंवा ज्यावर आदेश उभा नाही, अशा कागदासाठी आदेश सहसा रद्द होत नाही. ज्या पानावरून १२ लाख मिळवले तेच पान लपवलं असेल, तर मुद्दा भक्कम होतो. टिन बॉक्स कंपनीच्या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, करनिर्धारणाच्या वेळीच पुरेशी संधी मिळायला हवी. पुढे अपिलात संधी मिळाली म्हणून आधीचा दोष भरून निघत नाही, आणि प्रकरण पुन्हा अधिकाऱ्याकडे पाठवलं. अशा फेरपाठवणीनं वाढ आपोआप पुसली जात नाही, नवी सुनावणी मिळते. ती मिळवण्यासाठी अपिलात सर्वांत आधी जोडायचे कागद दोन: शो कॉजमधलं ज्या कागदाचा आधार घेतला ते वाक्य, आणि तो मागणाऱ्या पत्राची मुदतीच्या आतली पोच.